फार वेळ उभं राहता येत नाही, एसटीने रोज जाणं जमत नाही – मग घरी बसून काय करता येईल?

प्रश्न: "मी धरणगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, वय ४०. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला कॅलिपर आहे. पंधरा-वीस मिनिटांच्या वर उभं राहवत नाही, एसटीत चढणं-उतरणं म्हणजे शिक्षाच. जवळ ७० हजार आहेत, शिवणकाम थोडंफार येतं. लोकं पापड सांगतात, केळीचे वेफर्स सांगतात, कोणी टायपिंग सांगतं. घरी बसून खरंच चालेल असा कोणता धंदा करू?"

ताई, थेट सांगते, साडीला फॉल-पिकोचं काम धरा. ब्लाऊज नंतर, ड्रेस-फ्रॉक तर लांबच राहू द्या, आधी फक्त फॉल, पिको आणि पदराचे गोंडे. मी अमळनेरला हेच काम करते आणि बायकांना शिकवते, त्यात पायाचा त्रास असलेल्याही बऱ्याच जणी येऊन गेल्या, त्यामुळे कुठे अडतं ते जवळून बघितलंय.

आधी बाकीचं निकालात काढू. पापड, बिबड्या, कुरडया आपल्या खान्देशात घरोघरी होतात, विकल्याही जातात, पण ते काम उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांचं. त्यात ज्वारीचा घाटा शिजवताना चुलीपाशी उभं राहून हाटावं लागतं, मग पाट्या-खाटा उचलून गच्चीवर न्या, वाळवा, खाली आणा. वेफर्सचं तेच, कढई बसून हाताळता येत नाही आणि उकळत्या तेलाजवळ पाय अडखळणाऱ्या माणसाने जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. मसाल्यात भाजणं आलं, डंकावर चकरा आल्या. टायपिंगचं म्हणाल तर "आधी रजिस्ट्रेशनचे दोन हजार भरा मग काम देतो" असं कोणी म्हटलं की फोन ठेवून द्यायचा. तसंच "आमचं अगरबत्तीचं मशीन घ्या, तयार माल आम्हीच परत घेऊ" वाल्यांचं, मशीन विकलं की माल परत घ्यायला कोणी फिरकत नाही.

आता फॉल-पिकोच का? एक तर अख्खं काम बसून होतं. दुसरं म्हणजे काम तुमच्या दारात येतं, तुम्हाला कामाकडे जावं लागत नाही. आणि तिसरं, जे लोकांच्या लक्षात येत नाही, याच्यात गिऱ्हाईकाचं माप घ्यायला उठावं लागत नाही, ट्रायल नाही, "इथे सैल झालं तिथे घट्ट झालं" नाही. साडी सगळ्यांची सारखीच, साधारण साडेपाच मीटर, वर ब्लाऊजपीस जोडलेला असेल तर सव्वासहाच्या आसपास. एकदा हात बसला की प्रत्येक साडीला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे आज किती घ्यायच्या ते सकाळीच ठरवता येतं, पाय दुखत असेल त्या दिवशी चार कमी घ्या.

मशीनचं नीट समजून घ्या कारण इथेच पैसे वाया जातात. तुमच्याकडे बहुतेक पायाने मारायचं काळं मशीन असेल. त्याला दोन्ही पाय लागतात, टाच-पंजा टाच-पंजा करत, एका पायाने मारलं तर लय तुटते, कधी मशीन उलटं फिरून दोरा तुटतो आणि चांगला पायही तासाभरात भरून येतो. तुमचा उजवा पाय चांगला आहे ना, मग मोटरचं पिको मशीन घ्या, म्हणजे झिगझॅग मारणारं, पेडल उजव्या पायाखाली. हे मशीन साधी सरळ शिलाईसुद्धा मारतं त्यामुळे वेगळं मशीन लागत नाही. टेबल-मोटरसकट आमच्याकडे १५-१६ हजारांच्या आसपास पडतं, तुमच्याकडे दोन दुकानांत विचारा. मोटर घेताना सर्वो मोटर मागा. जुनी क्लच मोटर बटण दाबलं की सतत घूं घूं फिरत राहते, वीज खाते आणि पेडलला जरा जोर लागला की मशीन एकदम पळतं. सर्वो मोटर पेडल दाबलं तरच फिरते आणि तिला वेग कमी-जास्त करायचं बटण असतं, सुरुवातीला सगळ्यात हळू ठेवा. ज्यांचे दोन्ही पाय चालत नाहीत त्यांनी काय करायचं असं पुढे कोणी विचारेलच म्हणून सांगून ठेवते, घरगुती छोट्या मोटरचं पेडल उचलून टेबलावर ठेवतात आणि कोपराने दाबतात, आमच्याकडे शिकलेला एक मुलगा असंच काम करतो, दोन्ही हात कापडावर आणि कोपर पेडलवर, बघणाऱ्याला विचित्र वाटतं पण शिलाई एकदम सरळ.

दुकानात मशीन घेताना कॅलिपर घालून जा आणि प्रत्यक्ष बसून बघा. गुडघ्याचं लॉक उघडून पाय दुमडला की कॅलिपरची पट्टी कधीकधी टेबलाच्या खालच्या आडव्या दांडीला लागते. दुकानदाराला लक्षात येत नाही, घरी आल्यावर आपल्याला कळतं. लागत असेल तर सुताराकडून ती दांडी मागे सरकवून घ्या. डावा पाय लोंबकळत ठेवू नका, खाली छोटा पाट किंवा स्टूल द्या. पोलिओचा पाय तासन् तास खाली राहिला की गार पडतो, सुजतो, संध्याकाळी कॅलिपरचा पट्टा रुतायला लागतो, तेवढ्यावरून समजायचं की आज जास्त बसणं झालं. पाऊण तासाने उठून घरातल्या घरात चार पावलं टाकायची, घड्याळाचा गजर लावा वाटल्यास. खुर्ची पाठ असलेली, पक्क्या पायांची. ऑफिसची चाकांची खुर्ची घेऊ नका, उठताना हात टेकवला की ती मागे पळते आणि कॅलिपरवाल्या माणसाला तोल सावरायला वेळ लागतो. इस्त्रीसाठी उभं राहायचं नाही. उंच इस्त्री-टेबलाऐवजी खुर्चीवर बसल्यावर कोपराच्या लेव्हलला येईल असं एक बुटकं टेबल डाव्या हाताला, त्याच्यावर जाड चादर, मशीन समोर, म्हणजे नुसतं अंग वळवलं की इस्त्री. मशीनच्या डाव्या बाजूला आणि खाली स्वच्छ चादर अंथरून ठेवा कारण जड साडी टेबलावरून घसरते, वजनाने शिलाई ओढली जाते आणि वर परत साडी धुळीत.

आता प्रत्यक्ष काम. साडी आली की आधी पूर्ण उघडून गिऱ्हाईकासमोर बघायची, डाग आहे का, जरीचा धागा निघालाय का, छोटं भोक आहे का. असेल तर तिथल्या तिथे दाखवायचं आणि मोबाईलवर फोटो काढून तिच्याच व्हॉट्सअपवर टाकायचा. हे केलं नाही ना तर साडी परत देताना तो डाग तुमचा होतो. मग विचारायचं, ब्लाऊजपीस कापायचा की ठेवायचा, फॉल हाताने की मशीनने, गोंडे हवेत का. हे सगळं चिठ्ठीवर नाव-तारखेसकट लिहून चिठ्ठी सेफ्टी पिनने ब्लाऊजपीसच्या काठाला लावायची, साडीच्या अंगात पिन टोचायची नाही, सिल्कमध्ये भोक राहतं. न विचारता ब्लाऊजपीस कापला आणि बाई म्हणाली मला तो साडीला जोडूनच पाहिजे होता, तर ते परत जोडता येत नाही.

फॉल लावायच्या आधी भिजवायचा. हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी सांगते आणि तरी अर्ध्या जणी विसरतात. फॉल सुती असतो, पाण्यात आटतो, साडी सिंथेटिक असेल तर ती आटत नाही. न भिजवता लावला तर आज साडी झकास दिसेल, पहिल्या धुण्यानंतर खालचा काठ गोळा होऊन येईल, बाई निऱ्या घालायला गेली की झोल पडेल आणि ती दुसऱ्यांदा तुमच्याकडे येणार नाही, तक्रारही करणार नाही, नुसती येणार नाही. म्हणून फॉल आणले की रात्री रंगाप्रमाणे वेगवेगळे भिजवायचे, सकाळी वाळत घालायचे, इस्त्री करून घड्या घालून ठेवायच्या. भिजवल्याने दुसरी गोष्टही कळते, रंग जातो का. लाल, मरून, गडद हिरवा यांचं पाणी बघायचं, रंगीत आलं की तो फॉल दोन-तीन पाण्यांतून काढायचा. तरी जात असेल तर फिक्या साडीला लावायचाच नाही. आमच्याकडच्या एका मुलीने लग्नातल्या मोतिया रंगाच्या साडीला काठाला मॅच म्हणून मरून फॉल लावला होता, तो भिजवलेला नव्हता, पहिल्या धुण्यात गुडघ्यापर्यंत गुलाबी ढग उतरले. साडीचे पैसे भरून द्यावे लागले, दोन महिन्यांची कमाई गेली तिची.

लावायचा कुठे, तर फॉल साधारण अडीच मीटरचा असतो, तो आतल्या टोकापासून, म्हणजे जे टोक कमरेला आधी खोचतो तिथून, वीतभर सोडून सुरू करायचा, म्हणजे निऱ्यांचा सगळा भाग येतो. नवख्या बायका सगळ्यात जास्त फसतात ते दोन्ही काठ सारखे असलेल्या साडीत, वरचा काठ कोणता आणि खालचा कोणता तेच कळत नाही. साडी सुलटी टाका, खोचायचं टोक तुमच्या डाव्या हाताला, पदर उजव्या हाताला, आता जो काठ तुमच्या पोटाकडे आहे तो खालचा. फॉल त्याच काठाच्या उलट बाजूला. सुलट-उलट ओळखायला काठाची जर बघा, सुटे धागे दिसतात ती उलट. शंका वाटली तर तसंच ठेवून द्या आणि बाईला फोन करून विचारा, एकदा शिवलेला फॉल उसवला तर सिल्कवर टाक्यांच्या भोकांची रांग राहते.

फॉलची खालची कड साडीच्या काठापेक्षा दोराभर आत ठेवायची, बाहेर डोकावली तर ते काम लगेच हलकं दिसतं. मशीन-फॉलमध्ये दोन्ही कडा शिलाईने जातात. हात-फॉलमध्ये वरची कड हाताने, सुईने साडीचा एकच धागा उचलायचा, म्हणजे सुलट बाजूला टाका दिसतच नाही. पैठणी, सिल्क, चांगल्या साड्यांना बायका हात-फॉलच मागतात आणि त्याचे पैसेही जास्त देतात. शिवताना फॉल ओढायचा नाही, दर वितेला टाचणी लावून सपाट पडलाय ना बघायचं. झाल्यावर तपासायची सोपी पद्धत, साडी त्या भागात दोरीवर टाकून काठ मोकळा लोंबू द्यायचा. काठाला लाटा आल्या तर फॉल ताणून लागलाय. फॉलच साडीच्या मागे पिशवीसारखा फुगला तर सैल लागलाय. दोन्ही वेळेला उसवून परत.

पिको म्हणजे दोन्ही टोकांच्या कापलेल्या कडा बंद करणं. जॉर्जेट, शिफॉन, क्रेपला ११ नंबरची सुई, सुती आणि जाड साडीला १४. पातळ कापड मशीनमध्ये ओढलं जाऊन चुन्या पडत असतील तर खाली कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून मारायचं आणि नंतर कागद फाडून टाकायचा. वर्तमानपत्र घेऊ नका, शाई उतरते. टाके मधूनच सुटत असतील तर आधी सुई बदला, दहातल्या आठ वेळेला बोथट सुईच असते, मशीनवाल्याला बोलवायची गरज पडत नाही. खालून दोऱ्याचे फासे दिसले तर वरचं टेन्शन सैल आहे, थोडं घट्ट करून चिंधीवर मारून बघा, गिऱ्हाईकाच्या साडीवर कधीच ट्राय करायचं नाही.

गोंडे मी मुद्दाम सांगते कारण ते पूर्ण हाताचं काम, वीजही लागत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ४४-४५ डिग्री आणि नेमकी दुपारी लाईट जाते. त्यामुळे मशीनचं काम सकाळी उरकायचं, लाईट गेली की हात-फॉल आणि गोंडे काढायचे. पंखा जोरात असेल तर पातळ साडी उडते, म्हणून बसायची जागा पंख्याच्या बरोबर खाली नको. घामाचे हात साडीला लागतात, शेजारी एक कोरडा पंचा ठेवा. इन्व्हर्टर पहिल्याच दिवशी घेऊ नका, एक लग्नसराई काढा, मग किती वेळ वाया जातो ते कळेल.

पैशाचं. मशीन १६ हजार धरा, खुर्ची आणि सुताराकडून बुटकं टेबल ६ हजार, फॉल ५० रंगांचे मिळून ३०० नग, होलसेलला १८ रुपयांनी ५,४०० होतात, दोऱ्यांच्या रिळांचे हजारभर, इस्त्री १,२००. सगळं मिळून ३० हजारांच्या आत बसतं. बाकी ४० हजार बँकेत ठेवा, त्याला हात लावू नका, लग्नसराईच्या तोंडावर फॉलचा माल भरायला आणि कधी साडी खराब झाली तर भरून द्यायला तेच लागतील. सुरुवातीला पांढरा, मोतिया, काळा, लाल, मरून, बॉटल ग्रीन, रामा, राणी हे रंग जास्त आणा, बाकीचे दोन-दोन.

काम आणायचं कसं, तर दोन वाटा आणि दोन्ही लागतात. पहिली गल्लीतल्या आणि शेजारच्या गावांतल्या बायका. दर चांगला मिळतो, आमच्याकडे मशीन फॉल-पिकोचे फॉलसकट १०० रुपये, हात-फॉल १८०, पण काम तुकड्या-तुकड्यात येतं. दुसरी वाट साडीचं दुकान. धरणगावला किंवा एरंडोलला जे मध्यम दुकान आहे, फार मोठं नको, त्यांच्याकडे आधीच माणूस असतो, तिथे एकदाच जायचं, जोडीला घरातलं कोणी घेऊन. आपल्या हाताने केलेल्या तीन साड्या दाखवायच्या, एक सुती, एक जॉर्जेट, एक सिल्क, आणि सरळ सांगायचं की मला रोज येणं जमणार नाही, तुमचा मुलगा किंवा गावची रिक्षा गठ्ठा आणेल-नेईल, तीन दिवसांत परत. दुकान फॉल स्वतःचा देतं आणि साडीमागे ५०-५५ देतं, कमी वाटतं, पण गठ्ठा एकदम येतो, गिऱ्हाईकाशी बोलत बसावं लागत नाही. दुकानाला उधारी मात्र पंधरा दिवसांच्या वर द्यायची नाही, दर गठ्ठ्याला वहीत सही घ्यायची, आकडा आणि तारीख. "आखाजीनंतर एकदम देतो" म्हणणारे आखाजीनंतर फोन उचलत नाहीत, हा सगळ्याच शिलाईवाल्या बायकांचा अनुभव आहे.

आमच्याकडे शिकलेली चोपडा तालुक्यातली एक मुलगी आहे, अपघातात गुडघा गेला, अर्धा तास उभं राहवत नाही. तिचा लग्नसराईतल्या एका महिन्याचा हिशोब सांगते म्हणजे अंदाज येईल. घरच्या गिऱ्हाईकाच्या ७० साड्या, १०० रुपयांतून २० चा फॉल, ती थोडे थोडे आणते म्हणून तिला दोन रुपये जास्त पडतात, आणि पाच रुपयांचा दोरा-वीज वजा केली तर ७५ राहतात, म्हणजे ५,२५०. दुकानाच्या ८० साड्या ५५ ने, दोरा-वीज जाऊन ५० राहिले, ४,०००, त्यातून रिक्षावाल्याला गठ्ठ्याच्या आठ खेपांचे ४८० दिले, राहिले ३,५२०. हात-फॉलच्या १२ साड्या, खर्च जाऊन १५५ प्रत्येकी, १,८६०. एकूण १०,६३०. मशीनच्या साडीला तिला २५ मिनिटं लागतात, हाताच्या साडीला तासभर, म्हणजे महिन्याला पंचाहत्तर तासांच्या आसपास, रोजचे तीन तास, वर इस्त्री-घड्या-चिठ्ठ्यांचा एक तास. हा चांगला महिना झाला. पितृपक्षात हेच ३-४ हजारांवर येतं. लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होऊन उन्हाळाभर चालतात, मध्ये आखाजीला लेकी माहेरी येतात तेव्हा साड्या निघतात, श्रावणात कानबाईच्या वेळेला परत थोडं, मग दिवाळी. म्हणजे वर्षाची सरासरी महिन्याला ६-७ हजार धरून चाला, यावरच घर चालवायचं असेल तर पुरणार नाही हे आधीच सांगते. पहिले तीन महिने तर २ हजारही कठीण, कारण हात हळू असतो.

पुढे ब्लाऊज घ्यायचं असेल तर वर्षभराने घ्या. तेव्हाही माप घेऊ नका, मापाचा जुना ब्लाऊजच मागून घ्यायचा. कटिंग त्या बुटक्या टेबलावर बसून होतं कारण कापड मीटरभरच असतं. नऊवारी शिवायला मात्र होकार देऊ नका, तेवढं कापड पसरायला जमिनीवर वाकून फिरावं लागतं.

सरकारी योजनांचं थोडक्यात. आधी युडीआयडी कार्ड, swavlambancard.gov.in वर अर्ज होतो, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लिहिलेलं असलं की पुढची दारं उघडतात. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो, ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या, मशीनसाठी म्हणून नेमकं लिहा आणि पोच घ्या. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडूनही शिलाई मशीन मिळू शकतं, पण येईल ते बहुतेक साधं पायाचं येतं, म्हणून त्याच्या भरवशावर थांबू नका, मिळालं तर मोटर बसवून घेता येते. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंप्याचा धंदा बसतो. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. त्यात पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे ५०० रुपये, १५ हजारांचं अवजारांसाठी व्हाउचर आणि मग ५ टक्क्यांनी पहिलं १ लाखापर्यंतचं कर्ज अशी रचना आहे. घरातल्या एकालाच मिळते आणि आधी मुद्रासारखं सरकारी धंदा-कर्ज घेतलेलं असेल तर अडचण येते. अर्ज सीएससी सेंटरवर होतो, पुढे ग्रामपंचायतीची पडताळणी लागते. त्रास आहे तो प्रशिक्षणाला जाण्याचा. रोज येणं-जाणं जमणार नाही हे अर्जाच्या वेळीच सांगा, जवळचं सेंटर मागा, त्या दिवसांसाठी कोणा नातेवाइकाकडे राहायची सोय होते का बघा. कर्ज मात्र या धंद्याला पहिल्या वर्षी घेऊ नका, तुमच्याकडे आहेत तेवढ्यात होतं.

या आठवड्यात घरच्याच चार जुन्या साड्यांचे फॉल उसवा, नवीन फॉल भिजवून तुमच्याच मशीनवर, एका पायाने का होईना, लावून बघा, त्यातल्या एका साडीचा फॉल मशीनऐवजी हाताने लावा. किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा आणि दोरीवर टाकून काठ कसा पडतो त्याचा फोटो इथेच टाका. फॉल ताणला जातोय का सैल, ते बघून सांगते, मग मशीनचं बघू.